स्कूटरची मालकीण कोण?

त्या काळी स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. वडिलांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने नोंदणी केली होती आणि लागला तो माझा नंबर, तोही लग्नाच्या तोंडावर. जळगावात मी ती चालवायला शिकले आणि लग्नानंतर स्कूटरसकट धुळ्याला सासरी आले.

सासऱ्यांनी गाडीचं पुस्तक पाहिलं. त्यावर माझं माहेरचं नाव. "आपल्या दारात परक्या आडनावाची गाडी बरी दिसत नाही," ते म्हणाले. मग सासूबाई आणि मी वाहन नोंदणीच्या ऑफिसात गेलो.

कारकुनाने पुस्तकातलं नाव वाचलं, मग माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. सासूबाईंनी लग्नात माझं पाळण्यातलं नावही बदललं होतं. त्यामुळे नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी.

"बाई, यात एकही शब्द जुळत नाही. ही गाडी तुम्ही विकत घेतलीत का?"

"नाही, माझीच आहे."

"मग विकणारी कोण?"

"तीही मीच."

त्याने शांतपणे हस्तांतराचा फॉर्म पुढे केला. विकणाऱ्याच्या जागी मी जुनी सही केली. घेणाऱ्याच्या जागी नवी सही करायची, तर ती अजून धड बसली नव्हती, दोनदा खोडली. कारकून तो कागद घेऊन साहेबांकडे गेला आणि लगेच आम्हाला आत बोलावणं आलं.

साहेब म्हणाले, "विक्री झालेलीच नाही, तर हस्तांतर कसलं? लग्नाने आडनाव बदललं, एवढंच आहे. लग्नपत्रिका आणा, तहसिलीत प्रतिज्ञापत्र करा, पुस्तकात नोंद करून देतो. पण हे नवं पहिलं नाव पत्रिकेत असेल का?"

नव्हतं. ते तर मांडवात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं होतं.

"नाव मीच ठेयेल शे," सासूबाई पुढे सरसावल्या. "बठ्ठा गाव साक्षीले व्हता."

"मावशी, सगळं गाव साक्षीला असलं तरी तांदूळ फायलीला लावता येत नाहीत. पहिलं नाव बदलायचं तर सरकारी राजपत्रात छापून आणावं लागेल."

"कितला दिन?"

"महिने जातील."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर येऊन त्या बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "मनं बी नाव बदलेल व्हतं. मनी माय मरेपर्यंत जुन्याच नावाने हाका मारे." ते स्वतःचं माहेरचं नाव त्यांनी मला सांगितलं. घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

प्रतिज्ञापत्र झालं. पुढच्या खेपेला पुस्तकात नोंद झाली, खाली शिक्का. वडिलांच्या जागी नवरा, आडनाव सासरचं, पहिलं नाव माहेरचंच. सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

"अर्धंच काम झालं," ते म्हणाले.

"अर्धं बी चालस," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचून पहिल्यांदाच माझ्या मागे स्कूटरवर बसल्या. "धीरे चालाव."