पांढऱ्या भिंतीवरचं गंध

मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा यवतमाळात खोली मिळवणं नोकरीपेक्षा कठीण होतं. महिनाभर हिंडल्यावर कोर्टातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाच्या घरामागची खोली मिळाली. मी एकटी मुलगी, पगार सरकारी, एवढंच त्यांनी विचारलं. जात विचारली नाही, मीही सांगितली नाही. वडिलांचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नसे. खोटं बोलले नव्हते, पण कधीतरी कळेलच हे ठाऊक होतं. ती खोली गेली असती तर मला नोकरी सोडून गावी परतावं लागलं असतं.

त्या उन्हाळ्यात घरमालक काकांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. त्यासाठी बैठकीच्या भिंतीला पांढरा तेलरंग दिला. भाडेकरूंनी भिंतीला टेकायचं नाही, असा काकांचा हुकूम निघाला. काका स्वतः मात्र पूजा आटोपून, कपाळभर चंदनाचं गंध आणि मध्ये कुंकवाची रेघ ओढून भिंतीलगतच्या पाटावर पोथी वाचत. दोन पानांत त्यांना डुलकी लागे आणि मान वळून कपाळ भिंतीला टेके. हुकूम देणाऱ्याला हुकूम लागू नसतोच.

पाहुणे रविवारी चारला येणार होते. शनिवारी सकाळी काकू माझ्या दारात आल्या. हातात काकांचा एकुलता एक चांगला सुती सदरा होता. गंधाची बोटं काकांनी त्यालाच पुसली होती. काकूंनी तो धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात टाकला होता. चंदन बरंचसं निघालं, पण घरचं हळदीचं कुंकू लालभडक होऊन बसलं. काकूंना रडू येत होतं.

"तुले काही येते काय वं?" त्यांनी विचारलं.

मला येत होतं. माझी आई वीस वर्षं सावकाराच्या घरचे कपडे धूत आली होती. देवघरातल्या लोकांचे डाग देवघराबाहेरच्यांनीच काढायचे, हा तिथला रिवाज. काकूंना मी एवढंच सांगितलं की आईनं शिकवलं.

सदरा आधी साध्या पाण्यात खळखळून सोडा काढला. मग डागावर लिंबू पिळलं. लाल रंग बघताबघता पिवळा झाला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. लिंबू धुऊन काढलं आणि ओला सदरा अंगणात उन्हात टाकला. हळदीचा पिवळा रंग उन्हापुढे टिकत नाही, आणि यवतमाळचं ऊन कोणाला भीक घालत नाही. संध्याकाळपर्यंत डाग उरला नाही.

काकांच्या कपाळाचं गंध भिंतीवरही उमटलं होतं; ते काम रविवारी सकाळी केलं. वाळलेलं चंदन-कुंकू कोरड्या फडक्यानं हलकेच झाडून घेतलं, कारण ओलं केलं की ते पसरतं. मग मऊ धोतराचा तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात पिळून डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत गेले. चंदनाखाली काकांच्या डोक्याच्या तेलाचाही ठसा होता. तोही गेला. घासायचं मात्र नाही, तेलरंगाची चकाकी जाते, हे काकूंना दोनदा सांगितलं.

दुपारी भिंत पाहून काकू हरखल्या. "माह्या लेकीनंबी एवढं केलं नसतं," म्हणाल्या आणि करंडा घेऊन आल्या. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आलं. लावून घेतलं असतं तर खोली राहिली असती. पण दीक्षा घेतली त्या दिवशी आईनं घरातला करंडा विहिरीत टाकला होता. मला ते बोट सहन होईना. मी मागे सरकले.

"आम्ही बौद्ध आहोत, काकू."

काकूंनी करंडा मिटला आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळानं बैठकीतून खसाखसा आवाज येऊ लागला. मी हात लावलेली जागा त्या सोड्यानं घासत होत्या.

पाहुणे आले. भिंतीवर परातीएवढा निस्तेज चट्टा उठला होता. मुलाच्या आईनं विचारलं, घराला ओल आहे का? काकू हो म्हणाल्या. काका माझ्याच हातचा सदरा घालून ऐटीत बसले होते. सदरा शुद्ध करायला वेळच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, महिन्याअखेर खोली रिकामी करा. सामान बांधलं त्या दिवशी काकू अंगणात चार हात लांब उभ्या होत्या. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. हातात काकांचं धोतर होतं, त्यावर गंधाची बोटं.

"लिंबू साबणाच्या आधी लावाचं का मंग?" त्यांनी विचारलं.

मला संताप आला होता. तरी आईची विद्या चुकीची सांगवेना.

"आधी," मी म्हणाले.