गायिका गायब

जुन्या हेडफोनच्या गाद्यांचे काळे पापुद्रे माझ्या कानांना चिकटून ऑफिसपर्यंत यायला लागले आणि त्यात केबलही तुटली. शेवटी एका रविवारी वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सोल्डरिंगला बसले. गाद्या ओढून काढल्या, त्यांच्याखालचे स्क्रू सोडवले, नव्या केबलच्या तिन्ही तारा जोडल्या. नव्या गाद्यांची कड खाचेत बसवताना दोन नखं गेली!

गाणं लावलं, तर तबला होता, व्हायोलिन होतं, गायिकाच गायब. वैतागून तिचं गाणं मीच म्हणायला लागले. रूममेटने हेडफोन हिसकावला आणि तीही डोळे मिटून, बेंबीच्या देठापासून सुरू झाली. मला तबला-व्हायोलिनशिवाय नुसता तिचाच आवाज ऐकू येत होता. हसून हसून मी फरशीवर लोळले.

मग डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही कानांची सामाईक तार जोडताना तिच्यावरचा वीज अडवणारा लेप जाळायचाच राहिला होता. जोड कच्चा, म्हणून दोन्हीकडे सारखा येणारा गायिकेचा आवाज आपसात कटत होता. पुन्हा गाद्या काढल्या, लेप जाळला, तार पक्की केली. गायिका परतली.

रूममेटने दोन ओळी ऐकल्या आणि तोंड वाकडं केलं.

“ही कोण मध्येच? काढ हिला!”