लिहिलंय तसं वाचणारी वहिनी

दोंडाईच्याहून मी जळगावला भावाकडे परत आले ती एक पिशवी आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन. नवऱ्याने टाकलं होतं. "टाकलं" हा शब्द मला आवडत नाही, पण लोक तोच वापरायचे, आणि तेव्हा माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. भावाने घरात घेतलं, एवढं खरं. पण पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "हे बघ, शॉर्टहँड-टायपिंग शीक, नोकरी बघ. नाही जमलं तर मी स्वतः तुला दोंडाईच्याला पोचवून येईन. तिथं पाया पडायचं, राहायचं." मी लगेच क्लासला नाव घातलं.

घरात आम्ही तिघं. भाऊ सकाळी केळीच्या वखारीत जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. वहिनी धुळ्याकडची, सातवी शिकलेली, लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. ती माझ्याशी बोलायची नाही. भांडण म्हणाल तर तेही नाही. ताट समोर ठेवायची, उचलायची. मला काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं, "पाणी तापलंय." मीही हट्टी, मीही गप्प. दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. रडू यायचं, मग रडायचाही राग यायचा.

क्लास स्टँडजवळ, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. सर डिक्टेशन द्यायचे, आम्ही खुणांनी उतरवायचो, मग वाचून पूर्ण इंग्रजीत टाइप करायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शॉर्टहँडमध्ये अक्षरं नसतात, आवाज असतात. जे कानाला ऐकू येत नाही त्याची खूणच नाही. आणि घोटाळा तिथंच. "गव्हर्मेंट" ऐकू येतं, मधला एन कुणी म्हणतच नाही. "लायब्री" ऐकू येतं, एक आर गिळलेला. "वेन्सडे"मध्ये डी कुठं असतो? "सप्राइज"मधला पहिला आर? आपल्या मराठीत मधला र धरून "फेब्रुवारी" म्हणतात म्हणून तेवढा एक शब्द आम्हाला कधी चुकला नाही. बाकी सगळीकडे मी तोंडाला आलं तसं टाइप करायची आणि सर कागद लाल करून हातात द्यायचे.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. सर म्हणाले, "बाई, तुमचा कान चांगला आहे, हात चांगला आहे. स्पेलिंगने घात केला." घरी सांगितलं तर भाऊ जेवता जेवता एवढंच म्हणाला, "अजून एकदा बस. मग बघू." वहिनी भाकरी थापत होती. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

शॉर्टहँडचा सराव एकट्याने होत नाही. कुणीतरी वाचावं लागतं. क्लासमध्ये एक तास मिळायचा, बाकी दिवसभर कोण वाचणार? भावाला विचारलं तर म्हणाला, "मला दुसरे उद्योग नाहीत का?" शेजारच्या मुली आई ओरडते म्हणून येईनात. टाकलेल्या बाईजवळ मुली पाठवत नसत, हे मला उशिरा कळलं. शेवटी एका दुपारी मी उताऱ्यांचं पुस्तक घेऊन स्वतःच वाचत, स्वतःच लिहीत बसले होते. वेडीच दिसत असणार. वहिनी भांडी पुसत आली, हात पदराला पुसले आणि पुस्तक ओढून घेतलं.

"मी वाचस," तिच्या अहिराणीत म्हणाली.

सातवीच्या शाळेत तिला एका गुरुजींनी इंग्रजी वाचायला शिकवलं होतं, म्हणजे अक्षर न् अक्षर फोडून. अर्थ-बिर्थ नाही. ती बोट ठेवून वाचायला लागली. "द... गो-वेर-न-मेंट... ऑफ... द..."

मला हसू की रडू कळेना. "अहो वहिनी, असं नाही म्हणत! गव्हर्मेंट!"

"मंग हाऊ न कशाले लिखेल शे?" बोट एनवर ठेवून तिने विचारलं.

आता काय सांगणार, कप्पाळ! मला तरी कुठं माहीत होतं तो कशाला लिहिलाय. पुढे "लि-ब-रा-री" आलं. मग "वेद-नेस-डे". "सुर-प्राइज"ला तर मी पेन्सिल खाली ठेवली. तिने वाचायचं थांबवलं नाही. मला तिचा राग आला होता, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्यासमोर तोंड उघडलं होतं. मी पेन्सिल पुन्हा उचलली.

मग रोजचंच झालं. जेवणं उरकली की ती पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसायची, मी समोर. स्पीडच्या नावाने बोंब, इतकी सावकाश वाचायची की मधल्या वेळात मी केस विंचरू शकले असते. स्पीड क्लासमध्ये मिळत होता, तो मिळत राहिला. पण दुपारी तिचे ते तुकडे कानात पडत होते, गिळलेलं एकेक अक्षर बाहेर काढत. दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडलं होतं. वाचून झालं की पुस्तक मिटायची, "चहा टाकस" म्हणायची आणि उठायची. त्यापलीकडे पुस्तकाबाहेरचं एक वाक्य आमच्यात झालं नाही.

परीक्षेला निरीक्षक भराभर वाचत होते. "गव्हर्मेंट" म्हणाले, मी खूण केली, ती खूणही इवलीशीच असते. पण मशीनसमोर बसले आणि त्या खुणेवर आले तेव्हा कानात निरीक्षक नव्हतेच. "गो-वेर-न-मेंट," वहिनी म्हणाली, आणि माझं बोट एनवर पडलं. "लि-ब-रा-री"ला दोन आर आपोआप पडले. "वेद"मधला डीसुद्धा. शेवटपर्यंत तीच वाचत होती.

निकाल लागला, पास झाले. सरांनीच धुळ्याच्या एका कचेरीत जागा असल्याचं सांगितलं, मुलाखत झाली, नेमणुकीचा कागद आला. भावाने पेढे आणले. दोंडाईच्याचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली. मी पिशवी भरत होते. वहिनी नेहमीसारखी पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसली आणि पान उघडलं.

मी हसले. "वहिनी, झालं की आता! परीक्षा संपली. कशाला वाचता?"

ती बोट ओळीवर ठेवून तशीच बसली. खाली बघत म्हणाली,

"तुनं झायं वं. आते दुपारले मी कोनासंगे बोलू?"

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. मी आजवर समजत होते, ती नुसतं वाचतेय.