नाव नसलेलं गाऱ्हाणं

मंगळवारी सकाळी शर्मिला ग्रामदेवी सातेरीच्या देवळात आली, तेव्हा तिच्या पिशवीत नारळ होता आणि रुमालात बांधलेल्या दोन पाटल्या. नारळ देवीला. पाटल्या मालवणच्या सोसायटीत तारण ठेवायला. त्या सासूने, काशीबाईने, लग्नात तिच्या हातात घातलेल्या. आज ती त्या नेतेय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मानकऱ्याकरवी देवीपुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय मोठं पाऊल टाकायचं नाही, ही तिची सवय. नवरा, जितेंद्र, होडीवर पहिल्यांदा गेला तेव्हाही तिने तेच केलं होतं.

हे नवं काम सुरू झालं तेव्हा मात्र तिने आधी विचारलं नव्हतं. फोनवर मेसेज आला, घरबसल्या हॉटेलांना पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे घ्या. तिने दिले. दीडशे रुपये खरंच खात्यात आले. दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. त्याच पैशांचं खण-नारळ घेऊन तिने देवीची ओटी भरली, आणि तिथेच तिचा घात झाला. देवीने पदरात घातलेलं काम, त्यावर शंका कशी घ्यायची?

मग त्यांनी तिला टेलिग्रामच्या गटात घेतलं. आता आधी पैसे भरायचे, काम करायचं, मग जास्त मिळायचे. हजार भरले, तेराशे आले. पुढे पाच हजार, मग वीस. दर वेळी पैसे वेगळ्याच नावावर जायचे. होडीच्या इंजिनासाठी साठवलेले पंचवीस हजार तिथे गेले. वेबसाइटवर तिच्या नावापुढे एक लाख दहा हजार दिसत होते. पण काढता येत नव्हते. गट चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तुमचं काम चुकलं, खातं गोठलंय, चाळीस हजार भरा म्हणजे सगळे सुटतील. गटातले बाकीचे आपापले पैसे आल्याचे फोटो टाकत होते. आणि घरी कुणाला सांगू नका, कंपनीचा नियम आहे, असंही मॅडमनी बजावलं होतं.

हरिश्चंद्र गावकर हे देवीचे मानकरी. त्यांनी नारळ हातात घेतला. सभामंडपात चार माणसं होती. ओटी घेऊन आलेली काशीबाईही खांबाशी टेकून बसली होती. तिला बघून शर्मिलाने पिशवी पदराखाली घेतली.

"सांग गो, कसला गाऱ्हाणा?"

"माझे पैसे अडाकलेत, काका. आणखी चाळीस हजार भरले काय सुटतले म्हणतत. ते सुटांदेत."

"कोणाकडे? नाव सांग, गाव सांग. नायतर देवीन कोणाक गाठूचा?"

"अनन्या मॅडम."

"आडनाव?"

"म्हायत नाय."

"गाव खंयचो?"

"फोनवरच बोलतत, काका. मी बघूक नाय."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. हरिश्चंद्र हसले नाहीत. देवीसमोर उभं राहून ते जे ऐकलं तेच मोठ्याने म्हणू लागले.

"गे माये सातेरी, ह्या तुझ्या लेकराचे पैसे खंयतरी अडाकलेत..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"...ते सुटूक आणखी चाळीस हजार भरूचे आसत..."

कुणीच व्हय म्हणालं नाही. देवळात आयुष्यभर ऐकलेलं ते व्हय अडलं, आणि शर्मिलाला आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं.

"स्वतःचे पैसे घेवक पैसे भरूचे?" काशीबाई उठली. "आणि ते आणतलंस खंयसून?"

शर्मिलाने पिशवीतला रुमाल काढून सासूच्या हातात दिला. ती म्हणाली, "पयले पैसे इले, त्यातसूनच ओटी भरली. देवीनच दिल्यान असा वाटला, आये."

"देवीन दिल्यान नाय गो बाय. तू देवीक दिलंस. ते चोरांनी तुका दाखवलेला आमिष." काशीबाईचा आवाज चढला नाही. त्यानेच शर्मिलाला जास्त रडू आलं.

काशीबाईने तिला ग्रामपंचायतीत नेलं. तिथे संगणकावर बसणारी गौरजा शेजारच्याच वाडीतली. तिने दोन प्रश्न विचारले आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला. कोणत्या दिवशी, कोणत्या नावावर, किती, सगळं शर्मिलाने सांगितलं. तक्रारीचा नंबर मिळाला. "काय पुसू नको हां, गो. चॅट, स्क्रीनशॉट, सगळा ठेव. आणि ती कायय म्हणांदे, एक रुपया भरू नको."

"परत मिळतले?"

"शेवटचे भरलेले बँकेन खंयतरी अडवले तर अडवले. बाकीच्यांचा सांगूक येवचा नाय."

फोन वाजला. मॅडमचा मेसेज. आज भरले नाहीत तर सगळी रक्कम बुडेल. शर्मिलाने तो दोनदा वाचला. लाखाच्या त्या आकड्याकडे तिचं मन अजूनही ओढ घेत होतं, हे तिला जाणवलं आणि स्वतःचीच भीती वाटली. तिने फोन गौरजाकडे दिला.

संध्याकाळी जितेंद्रला सांगायचं होतं. ते अजून बाकीच होतं.

काशीबाईने पाटल्या तिच्या हातात चढवल्या, जरा दाबूनच. मग तिला धरून परत देवीसमोर नेलं. हरिश्चंद्रांनी नारळ अजून फोडला नव्हता.

"नाव म्हायत नाय, गाव म्हायत नाय," ते म्हणाले, "पण माये, तुका म्हायत आसा. आणि माये, ह्या घरात जा काय झाला ता आता लपान रवांदे नको..."

"व्हय म्हाराजा," शर्मिला सगळ्यांच्या आधी म्हणाली.