उंच दिसायचा सफारी

मी जेमतेम पाच फूट. बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये नोकरी होती, रेल्वेने जाऊन मुली पाहत होतो आणि प्रत्येक ठिकाणाहून नकार घेऊन येत होतो. कारण कुणी सांगत नसे, सांगायची गरजही नव्हती.

स्टेशनजवळच्या टेलरमास्तरांनी माझा पांढरा शर्ट आणि काळी पँट बघूनच तोंड वाकडं केलं. म्हणाले, कमरेवर रंग बदलला की माणसाचे दोन तुकडे होतात, आणि तुमच्यात दोन तुकड्यांएवढा माणूसच नाही. मला राग आला, पण खोटं नव्हतं. त्यांनी गर्द निळ्या कापडाचा सफारी सुचवला, वरखाली एकच रंग. शर्ट पार्श्वभाग झाकेल इतपतच, म्हणजे पाय लांब दिसतात. त्या मानाने खिसेही वर घेतले. पँटची खालची मोहरी अरुंद ठेवली आणि ती बुटाला नुसती टेकवली, कारण बुटावर घडी पडली की तेवढा पाय कमी दिसतो.

आरशात मी खरंच बरा दिसलो. घात पहिल्याच घरी झाला. माप घेतलं होतं उंच टाचांच्या बुटांवर, आणि बूट राहिले दारात. आत मी स्वतःच्याच पँटवर पाय देत चालत गेलो.

परत आल्यावर मास्तर कपाळाला हात लावून बसले. "भाऊ, पोरगी पाहाले आपण उघड्या पायानं जातो, अन् मी बुटाचं माप घेऊन राह्यलो." त्यांनी पँट अनवाणी पायाला बेतून दिली. बूट घातले की घोटे उघडे पडत. पडू देत म्हटलं.

मग सिंदेवाहीची मुलगी पाहिली. जयभीम झाला, चहा झाला. ती शाळेत शिकवायची, माझ्याशी सरळ बोलली, मीही बोललो. हीच व्हावी असं फार वाटलं. तिच्या मामांनी आम्हाला शेजारी उभं केलं, तर आम्ही जवळपास सारखे भरलो. मी मनात मास्तरांना हात जोडले.

मामा मात्र तिच्या साडीकडे बघत होते. निऱ्या जमिनीवर लोळत होत्या.

"सरळ उभी राह्य ना, बाई. गुडघे काऊन वाकवून राह्यली?"

ती लगेच हलली नाही. मग हळूहळू सरळ झाली आणि मी तिच्या कानापाशी उरलो. घरचे हसले. ती हसली नाही, खाली बघत राहिली. निरोप आठवड्याभरात आला, नेहमीचाच.

तिचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मी पुन्हा कुठे मुलगी पाहायला गेलो नाही. माझ्यासाठी गुडघे वाकवणारी तेवढी एकच भेटली.