दादाच्या राज्यातली कामं

आमचे काका चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. पटावरच्या खेळांचं त्यांना वेड. माझ्या वडिलांशी, म्हणजे त्यांच्या दादाशी, ते जन्मभर खेळले आणि बहुतेक वेळा हरले. दादा गोड बोलून सोंगट्या मारतो, ही त्यांची कायमची तक्रार.

बाबांनी अंथरूण धरलं. बोटांत सोंगटी ठरेना, तेव्हा मी दोघांच्या लॅपटॉपवर राज्य उभारण्याचा खेळ टाकून दिला. एकाने चाल संपवली की दुसऱ्याची पाळी; दुसरा दोन दिवसांनी खेळला तरी चालतं. काका वैतागले. "पटावर सगळं डोळ्यांसमोर असतं गं. इथे अर्धा नकाशा अंधारात!" पहिल्याच डावात त्यांनी घाईने फौज उभी केली आणि शहर उपाशी पडलं. पुढच्या डावात आधी शेतं, मग कोठार, मग भिंत, असं शहाणपण आलं. पुष्कळ चालींनंतर मिळणाऱ्या फळासाठी आत्ता कळ काढायची, यात त्यांना गोडी वाटायला लागली. दादाच्या सीमेवर मात्र ते शिपाई वाढवतच राहिले.

"तुझ्या बापाला मी चांगला ओळखतो," म्हणायचे.

डाव रंगात असतानाच बाबा गेले.

काही दिवसांनी काका लॅपटॉप घेऊन बाबांच्या खोलीत आले. पडद्यावर प्रश्न होता: समोरचा खेळाडू गैरहजर आहे, त्याचं राज्य संगणकाकडे द्यायचं का?

"देऊ नका," मी म्हटलं. "तो स्वतःच्या डोक्याने खेळेल. बाबांनी लावून ठेवलेली कामं मोडीत काढेल."

प्रत्येक शहराने एकामागून एक काय बांधायचं, ते आधीच लावून ठेवता येतं. बाबांनी खूप पुढचं लावलं होतं. मी त्यांच्या लॅपटॉपवर नुसती चाल संपवत गेले, शेजारी काका आपली खेळत गेले. एकेक काम उभं राहायला लागलं. काकांच्या सीमेलगतच्या गावात आधी बाजार झाला. मग नदीवर पूल, काकांच्या बाजूला उतरणारा. मग धर्मशाळा. त्या अख्ख्या सीमेवर बाबांचा एकही शिपाई नव्हता.

काकांनी आपली फौज बघितली. पुलासमोरच दाटीने उभी होती. रडू आवरेना, इतका राग आला मला दोघांचा.

"मागे घेतो," शेवटी ते म्हणाले, आणि एकेक शिपाई मागे नेला.

मी पुन्हा चाल संपवायला गेले, पण खेळ पुढे सरकेना. कामं संपली होती. या शहरात आता काय बांधायचं, असं तो विचारत होता.

"काका, काय बांधू?"

"मला काय विचारतेस, दादाला वि—" म्हणाले आणि थांबले.




मग त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले.