तिसरा बीम

टोकावड्याच्या बाजूच्या वाडीतला हनुमान मेंगाळ गवंडी भिंतीला पाणी मारल्याशिवाय थापी हातात धरत नाही. आमच्या भागातली निम्मी घरं त्याच्या हातची. जुन्या भिंतीवर नवा गिलावा चढवायचा असला की आदल्या संध्याकाळी तो पाइप घेऊन उभा राहतो आणि भिंत ढसाढसा पाणी पीत असेपर्यंत हलत नाही. "कोरडी भिंत मालाचं पाणी वढून घेते गुरुजी, मंग माल मरतो," असं त्याने मला माझ्या घराच्या वेळी सांगितलं होतं. ते खरंच आहे. माझ्या घराचा गिलावा आजही जागचा हललेला नाही.

आमच्या आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहात तीन बीमना तडे गेले, तेव्हा दुरुस्तीच्या कामावर हनुमान आपण होऊन गेला. त्याची नात हिरी आठवीत होती आणि त्यातल्या तिसऱ्या बीमखालीच तिची खाट होती. तडे दिसल्यापासून वसतिगृह बंद होतं, मुली घरी होत्या. दिवाळीनंतर ते उघडलं नाही तर हिरीचे आईबाप तिला आपल्याबरोबर वीटभट्टीवर नेणार होते. वाडीत मागे ठेवणार कुणाजवळ? हनुमान स्वतः गावोगाव कामाला, आणि त्याची बायको केव्हाच गेलेली. भट्टीवर गेलेली मुलगी पुन्हा शाळेत आलेली त्याने फारशी पाहिली नव्हती. मीही नाही.

तडे स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीच्या ओझ्याने गेले होते. टाकी आधी खाली उतरवली. मग तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून काही महिने वाट पाहिली. काच फुटली नाही, म्हणजे तडा आता वाढत नव्हता. वाढता तडा भरण्यात अर्थ नसतो, तो शेजारी पुन्हा फुटतो, असं इंजिनिअर दामिनी मॅडमनी आम्हा शाळा समितीवाल्यांना समजावलं. ठाण्याहून येणारी ही मुलगी बोलायला मऊ, पण कामाच्या अटींना पक्की. दुरुस्तीचं स्पेसिफिकेशन तिने कामगारांना मराठीत वाचून दाखवलं होतं. तड्यात भरायचं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारं चिकट रसायन, पातळ हवं, म्हणजे केसाएवढ्या फटीतही शिरेल; सुकल्यावर मात्र काँक्रीटपेक्षा ताकदवान हवं. तडा हवेच्या झोताने साफ करायचा. त्यावर नळ्या बसवायच्या, मधली फट लांबीने, म्हणजे पुट्टीने, बंद करायची आणि सर्वांत खालच्या नळीतून माल भरायला सुरुवात करायची. वरच्या नळीतून माल डोकावला की खालची बंद करून वरची धरायची. तडा पूर्ण कोरडा असला पाहिजे, हेही तिने वाचलं होतं. त्या वेळी हनुमान बाहेर परातीत वाळू चाळत होता.

पहिल्या दिवशी दोन बीमवर नळ्या बसून लांबी लागली. तिसरा साफ करून ठेवला होता. संध्याकाळी कंत्राटदाराचा सुपरवायझर दीपेश माणसं घेऊन मुरबाडला गेला. हनुमान मागे राहिला. त्याने पाइप जोडला आणि तिसऱ्या बीमच्या तड्याला पोटभर पाणी पाजलं. इतर दोन बीमना ते मिळालं नाही याची त्याला हळहळच वाटली. निदान हिरीच्या डोक्यावरचा तरी नीट होईल.

सकाळपर्यंत वारा लागून बीम वरून सुकला. लांबी लागली. मग माल भरला, तेव्हा एकेका नळीतून तो असा सरळ वर चढत गेला की दीपेशने हनुमानच्या पाठीवर थाप मारली. "बघ बाबा, सलाइन लावलंय तुझ्या बीमला!"

"मंग नातीला निरोप धाडू का?"

"पेटीच भरायला सांग!"

माल मुरल्यावर तपासणी झाली. सळया कुठे आहेत ते यंत्राने पाहून, त्यांना धक्का न लावता, पहिल्या दोन बीममधून नळकांड्यासारखे काँक्रीटचे तुकडे कापून काढले. अटीप्रमाणे तड्याची किमान नव्वद टक्के खोली भरलेली हवी होती; ती भरली होती. कल्याणच्या प्रयोगशाळेत तुकडे दाबून फोडले, तेव्हा जुना तडा जसाच्या तसा राहिला आणि फूट शेजारच्या काँक्रीटमधून गेली. एवढ्या लांबीच्या तड्यांना दोन नमुने पुरत होते. तिसऱ्या बीममधून काढायची गरज नव्हती.

दामिनी अहवाल घेऊन आली त्या दुपारी आम्ही जेवणघरात बसलो होतो. हनुमान दारात उकिडवा बसला होता. मी विचारलं म्हणून ती सांगत होती, "सांधा असा धरायला हवा की काँक्रीट फुटेल पण सांधा सुटणार नाही. आत ओल राहिली असती तर माल भरलेला दिसला असता, पण धरला नसता. ओलीत चालणारा माल वेगळा असतो, हा तो नाही."

हनुमान उठला. पुन्हा बसला.

"मॅडम, वल म्हंजे किती वल?"

"का हो, बाबा?"

दीपेश हसत म्हणाला, "अहो, म्हातारा बीमला आंघोळ घालतो की काय, विचारा!"

"घातली," हनुमान म्हणाला. "तिसऱ्याला. मीच घातली."

दीपेशचं हसू गेलं. "बाबा, गप र्‍हा. मॅडम, मस्करी करतोय तो."

"मस्करी नाय रे. पाइप लावून मारलं पानी. मला वाटलं, तानलेला बीम हाये."

दामिनीने अहवाल मिटला. ती रागावली नाही, आणि ते पाहणं जास्त कठीण होतं. दीपेश त्याला बाहेर नेऊन दबक्या आवाजात म्हणत होता, "दोन पास झालेत! कोण बघणार होतं तिसरा? नातीची शाळा तूच बुडवलीस की रे!" हनुमान नुसता मान हलवत होता.

तिसऱ्या बीममधून तुकडा काढला. तो फोडताना हनुमानला बघायचंच होतं, म्हणून मी त्याला घेऊन कल्याणला गेलो; दामिनीही तिथे आली होती. वरून पाहिलं तर तडा काठोकाठ भरलेला. यंत्राने दाब दिला आणि तुकडा त्या तड्यावरच उकलला, शेंग उकलावी तसा. आतला माल काचेसारखा गुळगुळीत होता. काँक्रीटचा एक कणही त्याला चिकटला नव्हता.

"खरवडून काडता येईल?" हनुमानने विचारलं.

"नाही, बाबा," दामिनी म्हणाली. "घट्ट झालेला माल आतून निघत नाही, आणि तो आहे तोवर दुसरा भरता येत नाही. आता बीमला बाहेरून सळया बांधून नवं काँक्रीट चढवावं लागेल. त्याला नवी मंजुरी लागेल. उन्हाळा उलटेल."

"मी फुकट राबीन."

"तुमच्या राबण्याने मंजुरी लवकर येणार नाही हो."

तीन बीमपैकी दोन चांगले असले तरी छत एकच. वसतिगृह उघडलं नाही. मुलींना शहापूरकडच्या दुसऱ्या आश्रमशाळेत पाठवायचं ठरलं. काही गेल्या. हिरीच्या आईने, रंजनाने, माझ्यासमोर सरळ सांगितलं, "तिकडं तिला वळखीचं कोन नाय. आमी भट्टीवर, सासरा कामावर. आजारी पडली त कोन बघंल?" मी दोनदा गेलो, समजावलं. तिचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही.

भट्टीचा ट्रक वाडीच्या तोंडाशी उभा राहिला त्या सकाळी मीही गेलो होतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या. हिरी सगळ्यांत शेवटी राहिली. हनुमान तिच्यासमोर उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

"आजा, तू सांगितलं नसतंस त शाळा उघडली असती ना?"

"उघडली असती."

"मंग?"

"त्या बीमखाली तू निजली असतीस गो."

"निजले असते," हिरी म्हणाली, आणि ट्रकच्या फळीला धरून वर चढली.